अडतीस पाने, एक पान आणि ‘याच’ हा शब्द

आमच्या महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाला अर्थशास्त्राचे जे पाठ्यपुस्तक आहे, त्यातले मागणी आणि पुरवठ्याचे प्रकरण अडतीस पानांचे आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलींनी या प्रकरणाचे ‘एका पानात’ टिपण मागितले, तेव्हा मला ते एका संध्याकाळचे काम वाटले. प्रत्यक्षात त्या एका ए-फोर कागदाने माझे तीन आठवडे घेतले, आणि तोवर ती परीक्षा होऊनही गेली. पुढच्या तुकडीच्या हाती जो कागद पडला तो पहिल्या कागदाहून पुष्कळ वेगळा होता. त्या दोन कागदांच्या मध्ये काय घडले, ते येथे सांगायचे आहे.

पहिला कागद मी कोणीही शिक्षक करील तसाच केला. मागणीची व्याख्या, मागणीचा नियम, मागणीचे निर्धारक घटक सात, नियमाचे अपवाद पाच, मग पुरवठ्याची तीच मांडणी, आणि शेवटी समतोल किमतीची आकृती. अक्षरे इतकी बारीक झाली की एस.टी. स्थानकाजवळच्या झेरॉक्सवाल्याने, कागदाचा तळ कापला जाईल, असे मला आधीच बजावले. कागद वाटून झाल्यावर मी वर्गात एकच प्रश्न दिला. चार दिवस समुद्र खवळलेला असल्यामुळे होड्या गेल्या नाहीत. बाजारातल्या बांगड्याची किंमत आणि विक्री यांचे काय होईल, ते आकृतीसह सांगा.

ज्या मुलांच्या घरी रोज संध्याकाळी मासळीचा हिशेब होतो, त्यांनाही हा प्रश्न सुटला नाही. बहुतेकांच्या उत्तराचा ओघ असा होता: पुरवठा घटला म्हणून किंमत वाढली, किंमत वाढली म्हणून मागणी घटली, मागणी घटली म्हणून किंमत पुन्हा उतरली आणि पूर्ववत झाली. प्रत्येक वाक्य स्वतंत्र वाचले तर पुस्तकातले आहे. माझ्या कागदावरही ती तीन वाक्ये तीन ठिकाणी, शुद्ध स्वरूपात होती. एकामागे एक ठेवल्यावर मात्र वादळाने बांगडा महागतच नाही असा निष्कर्ष निघतो, आणि तो खोटा आहे हे किनाऱ्यावरचे शेंबडे पोरही सांगेल. मुलांनी चूक केली होती, पण ती त्यांना शिकवली होती ती माझ्या कागदाने.

चूक ‘मागणी घटली’ या दोन शब्दांत आहे. अर्थशास्त्रात मागणी म्हणजे खपलेले किलो नव्हेत. कोणत्या किमतीला लोक किती घ्यायला तयार आहेत, याची जी संपूर्ण यादी, ती मागणी. आकृतीत तो संपूर्ण वक्र. वादळाने किंमत चढली तेव्हा लोकांनी बांगडा कमी घेतला हे खरे, पण यादी जशीच्या तशी राहिली. ते त्याच यादीत वरच्या किमतीच्या ओळीवर गेले, इतकेच. याला आपली पुस्तके मागणीतील संकोच म्हणतात. यादीच बदलली, म्हणजे त्याच किमतीला लोक पूर्वीपेक्षा कमी घेऊ लागले, तर तो मागणीतील ऱ्हास. संकोच झाल्याने किंमत उतरत नाही, कारण संकोच हा किंमत चढल्याचाच परिणाम आहे. किंमत उतरवण्याची ताकद असते ती ऱ्हासात.

मराठीत ही अडचण अधिक बोचते, असे मला वाटते. विस्तार आणि वृद्धी, संकोच आणि ऱ्हास या शब्दांच्या जोड्या बोलण्यातल्या मराठीत जवळजवळ सारख्याच अर्थाच्या आहेत. शब्द कानाला काहीच सांगत नाहीत, त्यामुळे मुले ते पाठ करतात आणि परीक्षेत अदलाबदल करतात. परीक्षक हेच शब्द विचारणार असल्याने मला ते टाकता येत नव्हते. त्यांना काहीतरी आधार देणे तेवढे हातात होते. तो आधार एका विद्यार्थ्याने दिला. तो रोज खाडीच्या पलीकडून तरीने, म्हणजे माणसांची ने-आण करणाऱ्या होडीने, येतो. मी फळ्यावर दोन्ही आकृत्या काढून थकले होते, तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे मॅडम, एकात आपण तरीतल्या तरीत पुढे जाऊन बसतो, आणि दुसऱ्यात तरच सरकते.” मी ते वाक्य त्याच दिवशी वहीत लिहून घेतले. नव्या कागदावर संकोच आणि विस्तार यांच्यापुढे ‘तरीत चालणे’ आणि ऱ्हास व वृद्धी यांच्यापुढे ‘तर सरकणे’ असे लिहिले आहे. चार व्याख्यांनी जितकी जागा खाल्ली असती, तिच्या पावभर जागेत हे बसले.

मग प्रश्न उरला तो असा, की मुलाने नेमके कशावरून ओळखावे. पुस्तकात यासाठी निर्धारक घटकांची लांब यादी आहे: उत्पन्न, आवडनिवड, लोकसंख्या, पर्यायी वस्तूंच्या किमती, पूरक वस्तूंच्या किमती, भविष्याविषयीच्या अपेक्षा. ती सगळी गाळून मी त्या जागी एक ओळ लिहिली: ‘किंमत बदलली असेल तर तरीत चालणे, बाकी काहीही बदलले असेल तर तर सरकणे.’ ओळ सुटसुटीत होती आणि मला स्वतःला ती फार आवडली होती. माझ्या सहकारी बाईंनी ती वाचली आणि शांतपणे विचारले, “सुरमई महाग झाली म्हणून लोक बांगड्याकडे वळले, तर?”

त्या प्रसंगात किंमतच बदलली आहे, पण सुरमईची. बांगड्याची किंमत अजून तीच असताना लोक बांगडा जास्त घेऊ लागले, म्हणजे बांगड्याच्या मागणीची तर सरकली. ही वृद्धी झाली. माझी ओळ मुलाला इथे सरळ चुकीच्या उत्तराकडे नेणार होती. मी तिच्यात एक शब्द घातला: ‘याच वस्तूची किंमत’. झेरॉक्समध्ये तो पुसट होऊ नये म्हणून त्याच्याखाली दोनदा रेघ ओढली. संक्षेप करताना काय वगळावे याची चिंता आपण नेहमी करतो. येथे दोन अक्षरांचा एक शब्द वाढवल्याने आख्ख्या यादीची गरज संपली. पर्यायी वस्तू, पूरक वस्तू, कच्च्या मालाची किंमत, डिझेलचा दर, हे सगळे ‘याच’ या शब्दाच्या बाहेर पडते. डिझेल महागले तर तीही किंमतच, पण बांगड्याची नव्हे. म्हणून पुरवठ्याची तर सरकते.

आकृतीने मला वेगळा त्रास दिला. पुरवठा घटला म्हणजे वक्र खाली न्यायचा, असे कित्येक मुलांच्या हाताला वाटते, कारण ‘घट’ म्हणजे खाली. पुरवठ्याचा वक्र डावीकडून उजवीकडे चढत जातो. तो खाली ओढला की प्रत्येक किमतीला पूर्वीपेक्षा जास्त माल दिसू लागतो, म्हणजे मुलाने नकळत पुरवठा वाढवलेला असतो. मागणीच्या वक्राला ही चूक लपते, कारण तो उतरता असल्याने खाली नेणे आणि डावीकडे नेणे एकाच दिशेला जाते. म्हणून अर्धी उत्तरे बरोबर येतात आणि चूक पकडली जात नाही. किलो आडव्या अक्षावर आहेत, तेव्हा किलो घटले की वक्र डावीकडे जायला हवा. वर किंवा खाली हे शब्द या आकृतीत किमतीसाठी राखून ठेवावेत. गणिताकडून आलेल्या मुलाला येथे आणखी एक अडखळा असतो. किमतीवर प्रमाण अवलंबून आहे असे सांगायचे आणि किंमत मात्र उभ्या अक्षावर ठेवायची, हे त्याच्या सवयीच्या उलट आहे. फ्रान्समधल्या कूर्नो यांनी १८३८ मध्ये किंमत आडव्या अक्षावरच घेतली होती. पुढे आल्फ्रेड मार्शल यांची उभ्या अक्षाची पद्धत रूढ झाली आणि ती आजवर चालत आली आहे. कागदावर हा इतिहास नाही. फक्त दोन अक्षांवर ‘किंमत: वर-खाली’ आणि ‘किलो: डावी-उजवी’ असे लिहिले आहे, आणि आकृतीखाली एक पडताळा: वादळानंतर तुमच्या आकृतीत बांगडा स्वस्त झालेला दिसत असेल, तर वक्र चुकीच्या दिशेला गेला आहे.

आता उदाहरण. पुस्तकात अकरा उदाहरणे आहेत: गहू, चहा, मोटारगाड्या, घरे. प्रत्येकाचे आकडे वेगळे, त्यामुळे मूल प्रत्येक वेळी नव्याने सुरुवात करते. मी एकच बाजार ठेवायचे ठरवले आणि त्यातच सगळे घडवायचे. तोही कोणता, हा प्रश्न नव्हता. पण बांगडा घेताना एक पेच पडला, आणि तो माझ्या ध्यानात आणून दिला तो ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षे मासे घेते त्या मावशींनी. भाव चढला तर तुम्ही जास्त मासा आणता का, असे मी विचारले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “बाई, टोपलीत आला तो आला. भाव चढला म्हणून टोपलीत वाढतो काय?”

त्यांचे म्हणणे खरे आहे. धक्क्यावर लिलाव सुरू होतो त्या क्षणी मासा ठरलेला असतो, आणि बर्फ संपत चालला की तो विकावाच लागतो. त्या सकाळपुरता पुरवठ्याचा वक्र चढता नसतो, उभी रेघ असते. मार्शल यांनीही आपल्या १८९० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात काळाचा प्रश्न समजावताना मासेमारीचेच उदाहरण घेतले आहे: हवामानामुळे रोज होणारे चढउतार, वर्ष-दोन वर्षांत असलेल्याच होड्या आणि माणसे अधिक राबवून वाढणारा मासा, आणि पिढीभराच्या काळात नव्या होड्या व नवे खलाशी आल्यावर होणारा बदल. मुलांना चढता वक्र दाखवायचा तर मला ‘आज सकाळ’ न घेता ‘आठवडा’ घ्यावा लागला. आठवड्याभरात भाव चढा राहिला, तर एरवी न निघणारी होडी निघते, आणि दुसऱ्या बंदरावरचा बर्फातला मासा टेम्पोने येतो. कागदाच्या माथ्यावर म्हणूनच ‘एका लहान गावाचा बाजार, एक आठवडा’ असे लिहिले आहे. आकडे मी सोयीसाठी मनाने घेतले आहेत, हेही तेथेच लिहिले आहे, कारण मुलांना छापील आकडा खरा वाटतो.

तो बाजार असा. बांगडा १५० रुपये किलो असताना लोक आठवड्याला ३०० किलो घेतात आणि विक्रेत्याही ३०० किलो आणतात. किंमत १० रुपयांनी चढली की लोक २० किलो कमी घेतात आणि बाजारात ३० किलो जास्त येतो. उतरली की उलट. बस, एवढेच. यावरून मुलाला हवे ते सारे काढता येते.

वादळ आले, आणि कोणत्याही किमतीला पूर्वीपेक्षा १०० किलो कमी येऊ लागले. पाठ्यपुस्तक इथे थेट नवा समतोल बिंदू दाखवते. मी मात्र मुलाला आधी जुन्याच किमतीवर थांबायला सांगते, कारण सगळी समज त्या थांब्यावर आहे. १५० रुपयांना अजून ३०० किलो हवे आहेत आणि आले आहेत २००. तूट १०० किलोची. तूट आहे म्हणून किंमत चढते. दुसऱ्या कोणत्याही कारणाने नाही. १० रुपये चढली की लोक २० ने मागे सरतात आणि माल ३० ने वाढतो, म्हणजे तूट ५० ने भरते. २० रुपये चढली की १०० ची तूट भरून निघते. नवी किंमत १७०, विक्री २६० किलो.

आता मुलांच्या त्या पहिल्या उत्तराकडे परत जाता येते. लोकांनी ४० किलो कमी घेतले, पण या ४० किलोंनी किंमत खाली ओढली जात नाही. ती १७० वर थांबली आहे, ती या ४० किलोंमुळेच. ते मागे सरले नसते तर किंमत आणखी चढली असती. शिवाय वादळाने १०० किलो हिरावले, तरी विक्री ४० नेच घटली, कारण चढ्या भावाने ६० किलो बाहेरून ओढून आणले. शंभरातले साठ कोठून आले हे मी वर्गात विचारले, तेव्हा मागच्या बाकावरून “बर्फातला” असे उत्तर आले. हा आकडा पुस्तकातल्या आकृतीत असतोच, पण त्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

येथे एक गोष्ट मी कागदावर घेतली नाही, पण वर्गात सांगते. आमच्याकडे बांगडा पुष्कळदा किलोवर नव्हे, वाट्यावर विकला जातो. भाव चढला की वाट्याची किंमत तीच राहते आणि वाट्यातला एक बांगडा कमी होतो. किंमत बदलली हे त्या दिवशी पैशांत दिसत नाही, ताटात दिसते. कागद किलोवर आहे, कारण वाट्याने आकृती काढता येत नाही.

दुसरा प्रसंग श्रावणाचा, आणि कागदाचा खालचा अर्धा भाग त्याला दिला आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा समुद्रात जातात, म्हणजे पुरवठ्याची तर उजवीकडे सरकते. त्याच सुमारास श्रावण असतो आणि कित्येक घरांत मासा शिजत नाही, म्हणजे मागणीची तर डावीकडे. दोन्ही एकाच वेळी सरकल्या, तर काय होते?

सोयीसाठी तोच बाजार, तीच १५० ची किंमत. पुरवठा प्रत्येक किमतीला १०० किलोंनी वाढला आणि मागणी १०० ने घटली, असे धरले. जुन्या किमतीला ४०० किलो आले, हवे आहेत २००; २०० चे आधिक्य. किंमत दर १० रुपये उतरली की ५० ने आधिक्य आटते, म्हणून ती ४० रुपये उतरून ११० वर येते आणि विक्री होते २८० किलो. म्हणजे विक्री पूर्वीपेक्षा कमी. आता श्रावण पाळणारी घरे थोडी असलेल्या गावात मागणी फक्त ५० ने घटली असे धरा. आधिक्य १५० चे, किंमत ३० ने उतरून १२०, आणि विक्री ३१० किलो. ही पूर्वीपेक्षा जास्त. किंमत दोन्ही गावांत उतरली. विक्री एका गावात घटली आणि दुसऱ्यात वाढली.

पुस्तकात यासाठी एक तक्ता आहे, चार ओळींचा आणि चार रकान्यांचा, आणि त्यात काही चौकटींमध्ये ‘अनिश्चित’ असे लिहिलेले आहे. मुले तो तक्ता पाठ करतात आणि ‘अनिश्चित’ शब्द कोणत्या चौकटीत हे विसरतात. दोन गावांचे हे उदाहरण पाहिले की पाठ करायचे काही उरत नाही. दोन्ही सरकण्यांनी आधिक्यच निर्माण होत असेल, तर किमतीविषयी शंका नाही. किलोंच्या बाबतीत एक सरकणे वाढवते आणि दुसरे घटवते, म्हणून कोणते मोठे हे कळल्याशिवाय बोलता येत नाही. तरीही ‘सांगता येत नाही’ हे पूर्ण गुणांचे उत्तर असू शकते, यावर मुलांचा विश्वास बसत नाही. शाळेपासून त्यांना रिकामी जागा भरायला शिकवलेले असते. मला हे वाक्य कागदावर ठळक अक्षरात छापावे लागले: ‘किंमत उतरेल. विक्री वाढेल की घटेल, हे दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही.’

जे गाळले त्याची खंत अजून आहे. महागल्यावर उलट जास्त घेतली जाणारी गिफेन वस्तू गेली, प्रतिष्ठेच्या वस्तू गेल्या, मागणीचा वक्र उतरता का असतो याचे स्पष्टीकरण गेले. वैयक्तिक मागणीपासून बाजाराची मागणी कशी बनते, तेही गेले. यांतले शेवटचे गाळणे मला आजही चुकीचे वाटते, पण ते ठेवायचे तर श्रावण काढावा लागला असता. अपवादांविषयी मात्र शंका नाही. नियम हातात बसण्याआधी पाच अपवाद दिले, तर मुलाला नियमच तात्पुरता वाटतो. किंमत बदलली की किलो कितपत बदलतात हे मोजणारी लवचिकता पुढच्या प्रकरणाची आहे. तरी या कागदावरचे २० आणि ३० हे आकडे म्हणजे तिचेच बीज आहे, आणि तो धडा सुरू करताना मी मुलांना हाच कागद पुन्हा काढायला सांगते.

नव्या कागदावर अक्षरे मोठी आहेत आणि तळाशी दोन बोटे जागा कोरी सोडली आहे. तिच्यावर फक्त इतके छापले आहे: ‘तुमच्या गावात श्रावणात मागणी किती घटते? आकडा धरा आणि किंमत व विक्री काढा.’ कागद परत आले तेव्हा एका मुलीने त्या जागेत गणित केलेले नव्हते. तिची आई बाजारात बसते. तिने पेन्सिलीने लिहिले होते, की आई म्हणते श्रावणात घरची गिऱ्हाइके निम्मी होतात, पण हॉटेलवाले तेवढेच घेतात, म्हणून दोन वेगळ्या याद्या करून त्यांची बेरीज करावी लागेल, तर आणखी एक कागद मिळेल का.